शिरोळची क्षारपड जमीन: निचरा, जिप्सम आणि पाण्याचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेला, नरसोबाच्या वाडीजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते त्या परिसरातील शिरोळ तालुका हा जिल्ह्यातील खोल काळ्या जमिनीचा आणि भरघोस उसाचा तालुका आहे, आणि जिल्ह्यातील क्षारपड जमिनीचा प्रश्न सर्वांत तीव्रही इथेच आहे. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. नद्यांनी वाहून आणलेल्या बारीक चिकणमातीने इथली जमीन कसदार झाली, पण तीच माती पाणी धरून ठेवते आणि खाली सोडत नाही. पाणी मोजून दिले जात होते तोवर हा गुण होता. बारमाही उसासाठी पाटाने मोकाट पाणी फिरू लागल्यावर तोच दोष ठरला.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला आणि काही दशकांतच बारामतीकडील काळ्या जमिनी चिबडू लागल्या, त्यांवर मीठ फुटू लागले. पाटबंधाऱ्याची पद्धत शेतीला मानवेल अशी करण्यासाठी मुंबई इलाख्याच्या सरकारने 1916 मध्ये एक खास सिंचन विभाग स्थापन केला, ज्याची पुढे पुण्याजवळची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. शिरोळमधील बहुतेक पाणी मात्र मोठ्या कालव्यातून येत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी नदीत अडवलेले पाणी सहकारी उपसा योजनांचे पंप उचलतात आणि ते पाटांनी व दंडांनी शेतात पोहोचते. पाणी उंचावरच्या धरणातून आले की पंपाने नदीतून, मातीला त्यात फरक पडत नाही. किती आले आणि कुठे गेले एवढेच तिच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

क्षार येतात कुठून

नदीचे पाणी गोड असले तरी क्षारमुक्त नसते. ज्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे वीज वाहून नेण्याची क्षमता, 0.5 डेसिसायमन प्रति मीटर आहे, ते सिंचनासाठी चांगले मानले जाते; तरीही त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 320 मिलिग्रॅम क्षार असतात. मोकाट पद्धतीने उसाला वर्षभरात 200 सेंटिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी दोन कोटी लिटर पाणी शेतात येते आणि त्याबरोबर सुमारे 6.4 टन क्षारही येतात. ऊस पाणी पितो आणि पानांतून हवेत सोडतो, पण क्षार जवळजवळ सगळे मातीतच ठेवतो. एकरी अडीच टनांची ही भर दरवर्षी पडत राहिली आणि ती बाहेर जाण्याची वाट नसली, तर पंधरा-वीस वर्षांत काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह रोडावतो आणि सांडपाण्याचा वाटा वाढतो, तेव्हा हीच भर आणखी जड होते.

पूर्वी ही वाट होती. शेतांमधील ओघळी आणि ओढे पावसाळ्याचे पाणी नदीकडे नेत, आणि उन्हाळ्यात भूजल खोल जाई. बंधाऱ्यांमुळे नदीची पातळी बराच काळ उंच राहू लागली, अनेक ओघळी नांगरून बांधात घेतल्या गेल्या, रस्ते आणि भराव पाण्याला आडवे आले, आणि पाणीपट्टी घनमीटरवर न ठरता एकरावर ठरल्यामुळे कमी पाणी देणाऱ्याला कोणताच फायदा उरला नाही. परिणामी भूजल हळूहळू वर आले. काळ्या मातीत ते जमिनीच्या पृष्ठभागापासून साधारण दीड मीटरच्या आत आले, की मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी आपोआप वर चढू लागते. याला केशाकर्षण म्हणतात. वर आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि आपले क्षार वरच्या थरात सोडते. म्हणूनच क्षाराचे पांढरे डाग पावसाळ्यात न दिसता मार्च-एप्रिलमध्ये सरीच्या माथ्यावर उठून दिसतात.

दोन आजार, दोन उपचार

बोलीभाषेत सगळ्यांना क्षारपड म्हटले जात असले, तरी या जमिनींचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचा घोळ झाला की खर्च वाया जातो. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, सामू सहसा 8.5 च्या आत असतो आणि मातीची रचना बऱ्यापैकी शाबूत असते; पाणी असूनही पीक कोमेजते, कारण क्षारांमुळे मुळांना ते ओढून घेता येत नाही. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू 8.5 च्या वर जातो आणि कण एकमेकांपासून सुटून पोकळ्या बुजवतात. अशी जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळल्यावर दगडासारखी टणक होते, आणि पाऊस पडून चार दिवस झाले तरी सरीतले पाणी गढूळच राहते. सोडियमचे प्रमाण मातीच्या धरण्याच्या क्षमतेच्या 15 टक्क्यांहून अधिक असले, की जमीन चोपण ठरते, असे पुस्तकी गणित आहे. पण शिरोळच्या भारी काळ्या मातीत हे प्रमाण दहाच्या खाली असतानाच निचरा मंदावू लागतो, त्यामुळे 15 चा आकडा येईपर्यंत थांबणे परवडत नाही.

तिसरा, सर्वाधिक फसवा प्रकार दोन्हींचा मिश्र आहे. त्यात क्षारही जास्त असतात आणि सोडियमही, पण भरपूर क्षारांमुळे मातीचे कण गुठळीत राहतात आणि जमीन वरवर क्षारयुक्तच वाटते. शेतकरी नुसते पाणी सोडून क्षार धुतो, क्षार खाली जातात, सोडियम मागे राहतो, आणि सुधारणा करायला घेतलेली जमीन दुसऱ्याच वर्षी पक्की चोपण होते. हे टाळण्याचा एकच उपाय म्हणजे धुण्याआधी परीक्षण.

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. काचेच्या बरणीत मूठभर वाळलेली माती घ्यावी, तिच्यावर हळुवार पावसाचे पाणी ओतावे आणि न ढवळता एक दिवस ठेवावे. पाणी वरून नितळ झाले, तर सोडियमची समस्या बहुधा कमी असते. मातीचा गढूळ ढग तसाच तरंगत राहिला, तर जमीन चोपण असण्याचा संशय धरावा. प्रयोगशाळेसाठी नमुना मात्र वरच्या थराचाच देऊन भागत नाही. शून्य ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थरांचे वेगळे नमुने घ्यावेत, कारण क्षार कुठे साचले आहेत यावरूनच ते खालून वर आले की वरून पडले हे कळते. नमुने मे महिन्यात घ्यावेत. पावसाने वरचा थर धुतल्यानंतर घेतलेला नमुना जमीन प्रत्यक्षाहून बरी असल्याचे दाखवतो.

अहवाल वाचताना एक बाब जरूर विचारावी. ऊस विद्युत वाहकता 1.7 पासूनच उत्पादन गमावू लागतो, आणि जमीन क्षारयुक्त ठरते ती 4 च्या पुढे. हे दोन्ही आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे आहेत. अनेक प्रयोगशाळा मात्र एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून वाहकता मोजतात. त्या पातळ अर्कातील आकडा बराच कमी येतो, आणि तोच चारशी ताडून पाहिला तर बिघडलेली जमीन चांगली ठरते.

मातीच्या नमुन्याइतकीच भूजलाची नोंद महत्त्वाची आहे. शेतात दोन-तीन ठिकाणी अडीच मीटर खोल भोक पाडून त्यात खालच्या भागाला छिद्रे असलेली पीव्हीसी नळी बसवावी, वरचे तोंड झाकावे आणि दर पंधरा दिवसांनी आत काठी सोडून पाणी किती खोलवर आहे ते वहीत लिहावे. पाणी दिल्यानंतर आठवडा उलटूनही पातळी एक मीटरच्या आतच राहत असेल, तर जिप्समचा विचार करण्याआधी निचऱ्याचा विचार करावा.

आधी पाण्याला वाट

सुधारणेचे बहुतेक अपयश क्रम चुकल्यामुळे येते. जिप्सम टाकले, ताग गाडला, पण खारे पाणी बाहेर जायला जागाच नसेल, तर मोकळा झालेला सोडियम त्याच मातीत राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात भूजलाबरोबर पुन्हा वर येतो. म्हणून पहिले काम जवळच्या ओढ्याची किंवा सार्वजनिक चराची खोली मोजण्याचे.

भूमिगत निचरा म्हणजे जमिनीखाली पुरलेल्या, छिद्रे असलेल्या नालीदार पीव्हीसी पाइपांचे जाळे होय. शेतातील उपनळ्या साधारण 80 मिलिमीटर व्यासाच्या असतात आणि त्यांच्याभोवती मातीचे कण अडवणारे जाळीदार कापड गुंडाळलेले असते. त्या मोठ्या व्यासाच्या मुख्य नळीला मिळतात आणि मुख्य नळी ओढ्यात उघडते. भारी काळ्या जमिनीत दोन उपनळ्यांत 20 ते 30 मीटर अंतर आणि सव्वा मीटरच्या आसपास खोली ठेवली जाते. नेमके अंतर मात्र त्या शेतातील माती पाणी किती वेगाने सोडते हे मोजून ठरवावे लागते, शेजारच्या गावातील आराखडा उचलून चालत नाही.

समजा, एका शेतकऱ्याचे शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असे सपाट एक हेक्टर शेत आहे आणि ओढा त्याच्या बांधापासून 300 मीटर दूर आहे. पंचवीस मीटर अंतराने चार उपनळ्या घातल्या, तर 400 मीटर पाइप लागेल. उपनळीला 0.2 टक्के उतार द्यायचा, म्हणजे शंभर मीटरमध्ये 20 सेंटिमीटर. वरच्या टोकाला ती 1.1 मीटर खोल असेल तर खालच्या टोकाला 1.3 मीटरवर येईल. मुख्य नळी तिच्याखाली, सुमारे 1.4 मीटरवर सुरू होईल. शेताच्या कडेने शंभर आणि पुढे ओढ्यापर्यंत 300 असे 400 मीटर अंतर 0.1 टक्के उताराने काढले, तर तिचे तोंड आणखी 40 सेंटिमीटर खाली, म्हणजे शेताच्या पातळीपासून 1.8 मीटरवर येईल. हे तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पाण्याच्या वर राहिले पाहिजे, म्हणून ओढ्याचा तळ किमान सव्वादोन मीटर खोल असणे आवश्यक ठरते. गाळाने भरलेला, दीड मीटरचा ओढा असेल तर हा आराखडा कागदावरच राहतो. आधी ओढा खोल करावा लागतो, नाहीतर खड्ड्यात पाणी गोळा करून ते पंपाने उचलावे लागते आणि विजेचे बिल कायमचे मागे लागते. एक हेक्टरचा मालक एकटा हे काम करू शकत नाही, याचे कारण याच गणितात आहे. मुख्य नळी दहा जणांच्या शेतांतून जाते आणि ओढा सगळ्या गावाचा असतो.

शिरोळमधील श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने जो मार्ग घेतला, त्याचे महत्त्व इथेच आहे. शेडशाळ, कवठेसार यांसारख्या गावांत शेतकऱ्यांना क्षारपड सुधारणेसाठी एकत्र आणले गेले, गटाच्या पातळीवर सर्वेक्षण झाले, सामाईक मुख्य नळ्या नदी-ओढ्यापर्यंत नेल्या गेल्या आणि मग प्रत्येकाने आपल्या शेतातील उपनळ्या त्यांना जोडल्या. पाइप कुठेही मिळतो आणि यंत्र भाड्याने आणता येते. शेजाऱ्याच्या बांधाखालून नळी नेण्याची संमती मात्र अशी विकत मिळत नाही, आणि सहकाराने नेमकी तीच मिळवून दिली.

काम करताना खोदाई नेहमी ओढ्याच्या तोंडापासून वरच्या दिशेने करावी, म्हणजे चरात साचणारे पाणी काम चालू असतानाच वाहून जाते. उतार दर काही मीटरवर लेव्हल यंत्राने तपासावा. नळीला एका जागी जरी उलट उतार राहिला, तरी तिथे गाळ बसतो आणि त्या जागेच्या वरचा भाग दोन-तीन वर्षांत निकामी होतो. उपनळी मुख्य नळीला मिळते तिथे तपासणीची चेंबरे ठेवावीत, कारण कोणती नळी वाहते आणि कोणती तुंबली हे फक्त तिथेच दिसते. महापुराच्या पट्ट्यात नळीचे तोंड दगडी बांधकामात बसवून त्याला झडप लावावी. 2019 आणि 2021 सारखा पूर आला की उघड्या तोंडातून नदीचा गाळ आत शिरतो.

ज्यांना पाइपांचा खर्च तूर्त झेपत नाही, त्यांच्यासाठी मोल निचरा हा कमी मुदतीचा पर्याय आहे. ट्रॅक्टरला जोडलेल्या नांगराच्या टोकाची गोळी अर्धा-पाऊण मीटर खोलीवर चिकणमातीत पोकळ बोगदा तयार करत जाते. माती पुरेशी चिकण असावी लागते आणि त्या खोलीवर ती वळता येईल इतकी ओलसर असावी लागते. कोरड्या मातीत बोगदा ढासळतो. हे बोगदे काही हंगामच टिकतात आणि पाणी वरच्या थरातूनच काढतात, त्यामुळे खोल भूजल उतरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

जिप्सम आणि पावसाळा

निचरा वाहू लागल्यावर, आणि परीक्षणात सोडियम जास्त आढळला असेल तरच, जिप्समची पाळी येते. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्यात विरघळतो आणि नळीवाटे बाहेर पडतो. निव्वळ क्षारयुक्त, सोडियम नसलेल्या जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे क्षारात क्षाराची भर घालणे होय.

मात्रा अंदाजाने ठरवू नये, प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्यावी. ती वरच्या 15 सेंटिमीटर थरासाठी एकरी 3.4 टन आली आणि बाजारातील जिप्सम 80 टक्के शुद्ध असले, तर सव्वाचार टन लागेल. मात्र काळ्या जमिनीत चुनखडी मुबलक असते आणि सेंद्रिय पदार्थ कुजताना ती हळूहळू विरघळून कॅल्शियम मोकळा करते, म्हणून निम्मी मात्रा जिप्समची आणि तिच्या जोडीला हिरवळीचे खत असा मार्ग व्यवहार्य ठरतो. जिप्सम मे महिन्यात बारीक भुकटीच्या रूपात पसरून वरच्या 15 सेंटिमीटरमध्येच मिसळावे. खोल नांगराने ते खाली गाडले तर वरचा बिघडलेला थर तसाच राहतो.

जिप्सम पाण्यात फार कमी विरघळते, लिटरमागे जेमतेम अडीच ग्रॅम. निम्म्या मात्रेतील पावणेदोन टन शुद्ध जिप्सम विरघळण्यासाठीच एकरात 17-18 सेंटिमीटर पाणी खाली झिरपावे लागते. शिरोळमध्ये पाऊस सह्याद्रीच्या घाटमाथ्याच्या तुलनेत फार कमी, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तो वाहून जाऊ न देता बांध धरून वाफ्यात साठवला, तर हे काम नदीच्या पाण्याचा एक थेंब न वापरता होते. पावसाचे पाणी एकदम तुंबवून ठेवण्यापेक्षा साठवणे, झिरपू देणे आणि पुन्हा साठवणे असे टप्प्याटप्प्याने केले तर तेवढ्याच क्षारांसाठी पाणी कमी लागते. याच काळात धैंचा पेरून 45-50 दिवसांनी फुलोऱ्याच्या आत गाडावा. त्याची मुळे घट्ट मातीत वाटा करतात.

सुधारणा होत आहे की नाही हे पिकाआधी पाइपाचे तोंड सांगते. एका हेक्टरमधून दिवसाला दीड मिलिमीटर पाणी निघाले, तर ते 15 हजार लिटर भरते. त्या पाण्याची वाहकता 8 असेल, तर लिटरमागे सुमारे पाच ग्रॅम म्हणजे रोज 75 किलो क्षार बाहेर जातात, आणि शंभर दिवसांत साडेसात टन, म्हणजे वर्षभरात पाण्याबरोबर आलेल्या 6.4 टनांहून अधिक. हाताळता येणारे छोटे वाहकतामापक यंत्र गटाने मिळून घ्यावे आणि दर महिन्याला नोंद ठेवावी. पहिल्या वर्षी आकडा मोठा असतो आणि पुढे उतरत जातो. नळी वाहत आहे पण पाणी गोड आहे, असे सुरुवातीलाच दिसले, तर पाणी मातीतून न झिरपता भेगांतून किंवा चराच्या सैल भरावातून थेट नळीत उतरत आहे असे समजावे आणि चरांवरची माती दाबून घ्यावी.

त्यानंतरचा ऊस

निचऱ्याचे जाळे बसल्यावर पूर्वीसारखेच मोकाट पाणी देणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. पाणी आता तुंबत नाही म्हणून ते जास्त दिले जाते, आणि क्षारांबरोबर महागडे नत्रही नळीवाटे ओढ्यात जाते. ठिबकावर घेतलेल्या उसाला कितीतरी कमी पाणी पुरते आणि क्षारांची आवकही त्याच प्रमाणात घटते. मात्र ठिबकच्या ओल्या गोळ्याच्या कडेला क्षार गोळा होतात, त्यामुळे ज्या वर्षी पावसाळा कोरडा जाईल त्या वर्षी एकदा जास्तीचे पाणी देऊन ते खाली ढकलावे लागतात. पहिली दोन-तीन वर्षे वाण निवडताना पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राचा, क्षार सोसणारा फुले 265 घेणे शहाणपणाचे आहे, पण क्षार सोसणारा वाण निचऱ्याचा पर्याय ठरत नाही. तो लावून जमीन तशीच सोडली, तर काही वर्षांत तोही विरळ होत जातो.

एका मुद्द्याकडे मात्र सुधारणेच्या उत्साहात दुर्लक्ष होते. शेतातून निघालेले क्षार नाहीसे होत नाहीत. ते ओढ्यातून कृष्णेत आणि कृष्णेतून खालच्या गावांच्या, पुढे कर्नाटकातील शेतकऱ्यांच्या पंपांपर्यंत पोहोचतात. पावसाळ्यात नदीच्या मोठ्या प्रवाहात त्यांची तीव्रता फारशी जाणवत नाही, पण एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्यामागे अडलेल्या पाण्यात तेच क्षार सोडले, तर तेच पाणी उपसा योजनेतून पुन्हा शिरोळच्याच शेतात येते. म्हणून मुख्य नळीच्या तोंडावरची झडप फक्त पुरासाठी नाही. क्षार धुण्याचे काम जून ते ऑक्टोबरमध्ये पूर्ण करून घ्यावे, आणि उन्हाळ्यात भूजल दीड मीटरच्या खाली असेल तर झडप बंद ठेवावी. ते वर येऊ लागले तरच ती उघडावी आणि पातळी उतरताच पुन्हा लावावी. हा निर्णय शेतातील निरीक्षण-नळीची वही पाहून गटाने मिळून घ्यावा, कारण एका शेतकऱ्याने आपल्या सोयीने झडप उघडली किंवा लावली, की वरच्या दहा जणांचे पाणी अडते किंवा खालच्यांच्या विहिरी खाऱ्या होतात.